समईचे फोटो का नाकारले गेले: ठाण्यातल्या आमच्या स्टुडिओकडून उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "नौपाड्यातल्या या स्टुडिओत आठ पितळी समयांचे फोटो काढून घेतले. दुकानाचा लोगो, 'शुद्ध पितळ' आणि २० टक्के सूट असं सगळं छान टाकून दिलं. ऑनलाइन चढवले तर आठही नाकारले! एक तर पांढऱ्या बॅकग्राऊंडचा होता, तोही. पैसे आणि पंधरा दिवस वाया. का नाकारले तेही कुणी नीट सांगितलं नाही."

नमस्कार ताई,

चूक आमची आहे. फोटो कुठे वापरणार, हे आम्ही शूटिंगच्या आधी विचारायला हवं होतं. इन्स्टाग्रामसाठी केलेली डिझाइन तुम्ही मार्केटप्लेसवर मेन इमेज म्हणून चढवलीत, कारण दुसरं काही आम्ही दिलंच नव्हतं.

आता कारण. मेन इमेज म्हणजे शोधल्यावर यादीत दिसणारा पहिला फोटो. मोबाईलवर तो बोटाच्या पेराएवढा दिसतो, तिथे 'शुद्ध पितळ' वाचताच येत नाही. सूट चार दिवसांत संपते, फोटो मात्र तसाच राहतो. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी एकाच वस्तूच्या पानावरून अनेक विक्रेते माल विकतात, त्यामुळे एका दुकानाचा लोगो त्या पानावर चालत नाही. समईवरच कोरलेलं किंवा छापलेलं नाव मात्र चालतं, कारण ते वस्तूचा भाग आहे. तुमच्या सात फोटोंत ताट, झेंडूची फुलं आणि रांगोळी होती. ते सुंदर दिसतं, पण घेणाऱ्याला वाटतं की ताटही सोबत येणार, आणि मग तक्रार येते.

आठवा फोटो मी परत उघडून पाहिला. डोळ्याला पांढरा दिसतो, पण कोपऱ्यात लाल, हिरवा, निळा यांचे आकडे २४६, २४४, २३८ निघाले. ॲमेझॉनला मेन इमेजमागे शुद्ध पांढरा लागतो, म्हणजे तिन्ही आकडे २५५. पितळेचा पिवळा उजेड मागच्या कागदावर पडला होता. असा फोटो साइटच्या पांढऱ्या पानावर मळकट चौकोनासारखा उठून दिसतो.

हे सुधारताना सगळ्या फोटोचा ब्राइटनेस वाढवायचा मोह होतो. मी आधी तेच करून पाहिलं. बॅकग्राऊंड पांढरं झालं, पण वरच्या पाच वातींच्या चोचींची कड त्या पांढऱ्यात विरून गेली. म्हणून आठही समया पुन्हा शूट केल्या. मागच्या कागदावर वेगळा दिवा लावला, समई त्याच्यापासून तीन-चार फूट पुढे घेतली आणि दोन्ही बाजूंना फ्रेमच्या बाहेर काळे पुठ्ठे उभे केले. पितळेत त्या पुठ्ठ्यांची बारीक काळी रेघ उमटते आणि कड पांढऱ्यापासून सुटी दिसते. मग पेन टूलने कडेने समई कापून मागे पांढरा लेयर भरला.

तपासणी तुम्हीही करू शकता. फोटोशॉपमध्ये `Image > Adjustments > Threshold` उघडून आकडा 255 करा. समईभोवती कुठेही काळे ठिपके दिसले, तर तिथे पांढरं पूर्ण झालेलं नाही. अगदी फिकी पिवळी छटा मात्र यातून निसटू शकते, म्हणून `Cancel` करून चारही कोपऱ्यांचे आकडे `Info` मध्ये पाहा. बघून झालं की बदल सेव्ह न करता बंद करा.

क्रॉपचंही सांगते. वस्तूने फ्रेमचा साधारण ८५ टक्के भाग व्यापावा असा ॲमेझॉनचा नियम आहे. समई उंच आणि सडपातळ, म्हणून चौकोनात उंचीवरून माप धरलं: २००० बाय २००० पिक्सेलच्या फोटोत समई १७०० पिक्सेल उंच. बाजूंना पांढरं जास्त उरतं, त्याला इलाज नाही. रुंदी भरायला गेलो तर समईचं डोकं कापलं जाईल. लांब बाजू १००० पिक्सेलच्या वर असली की झूम चालतो, आणि पितळेचं नक्षीकाम दिसायला झूम हवाच.

फुलं-रांगोळीचे फोटो फेकू नका. ॲमेझॉनवर दुसऱ्या क्रमांकापासूनच्या फोटोंत सजावट आणि माहितीचा मजकूर चालतो, तिथे उंची आणि वजन लिहून टाका. सवलतीचा आकडा मात्र फोटोत नकोच, तो किमतीच्या रकान्यात भरा. इतर साइटवर चढवण्याआधी त्यांचे नियम एकदा पाहून घ्या. आणि तयार जेपीजीवरचा लोगो खोडरबरने पुसू नका, त्या जागी पितळेची चमक डागाळते. आम्ही लेयर असलेली मूळ फाइल देतो, त्यात लोगोचा लेयर नुसता बंद करायचा.

आठही समयांच्या दोन-दोन प्रती तयार आहेत, एक मेन इमेजसाठी आणि एक सजावटीची. पुन्हा केलेल्या शूटिंगचे पैसे नकोत. गोखले रोडला येणं झालं तर पेनड्राइव्ह घेऊन या, नाहीतर आजच लिंक पाठवते. चढवताना परत काही अडलं, तर आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट मला पाठवा.