सकाळी सात म्हणजे नेमके किती वाजता?

अभिनंदन. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तुम्हाला एच.आर.चं टेबल मिळालं, आणि चहा यायच्या आत मालकांनी पहिलं काम सांगितलं. आठ ते चार आणि चार ते बारा या दोन शिफ्ट बंद. आता सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा तीन. 'एक व्यवस्थित नोटीस काढा, हजेरीचे नियम पण त्यातच घाला, लोकांना फेअर वाटली पाहिजे.' शब्द नीट ऐकलात ना? वाटली पाहिजे. असली पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे उगाच घाम गाळू नका. मी एकोणीस वर्षं टाईम ऑफिस सांभाळलंय, या दोन शब्दांमधली जागा मला चांगली ठाऊक आहे. सांगतो तसं करा.

सुरुवात 'सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की' अशीच करा. या वाक्यात कोण कुणाला काय सांगतंय ते कळत नाही, म्हणून ते सुरक्षित. मग लिहा: 'प्रथम पाळीची वेळ सकाळी ७.०० अशी राहील.' झालं. एवढं स्वच्छ वाक्य, ह्यात कुणाला काय शंका येणार?

सात वाजता कुठं, एवढं मात्र लिहू नका. गेटच्या आत? थंब मशीनसमोर? का सेफ्टी शूज चढवून भट्टीपाशी? हे लिहिलंत की नोटिशीतली निम्मी ताकद गेली. आमच्याकडं एका शिफ्टला नव्वद माणसं आणि भिंतीवर मशीन एक. माणशी पाच सेकंद धरा, तेही अंगठा पहिल्या फटक्यात उठला तर. नव्वद पाचे साडेचारशे सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. सहा पंचावन्नला गेटातून आत आलेला माणूस रांगेच्या शेपटीला उभा राहिला, तर त्याचा अंगठा सात वाजून अडीच मिनिटांनी लागणार. माणूस वेळेत, अंगठा लेट.

शिवाय अंगठे कुणाचे, तेही बघा. फेटलिंगवाला दहा-बारा वर्षं ग्राइंडर धरून कास्टिंग घासतो. कास्टिंगबरोबर त्याचा ठसाही घासला जातो. आमच्यातले एक मामा आधी अंगठा पँटला पुसायचे, मग त्यावर फुंकर मारायचे, मग मशीनवर असा दाबायचे जसं काही ती दाराची बेल आहे. मशीन लाल दिवा लावायचं. पुन्हा पुसणं, पुन्हा फुंकर. मागची रांग 'मामा, डावा लावा डावा!' म्हणून ओरडायची. तिसऱ्यांदा हिरवा लागला की मशीनवर ७.०४ उमटलेलं असायचं. आणि ते मशीनचं घड्याळ भोंग्यापेक्षा चार मिनिटं पुढं होतं, हे मला पुढं सहा महिन्यांनी कळलं. तोवर माझ्या रजिस्टरात मामा हे शिरोलीतले सगळ्यांत आळशी गृहस्थ ठरलेले होते.

तेव्हा घड्याळ कुठलं धरायचं तेही लिहू नका. अंगठा उठलाच नाही तर कुठल्या वहीत सही करायची, तेही नको. लोक विचारतील; त्यांना 'सिस्टीममध्ये जे दिसतं ते फायनल' असं सांगा. सिस्टीम या शब्दाला आपल्याकडं अजून कुणी उलट उत्तर दिलेलं नाही.

आता कळसाचं वाक्य: 'महिन्यात तीन वेळा विलंब झाल्यास अर्ध्या दिवसाचे वेतन कपात करण्यात येईल.' हे वाक्य सगळ्याच नोटिशींत असतं, म्हणून ते कायद्यातलंच आहे असं सगळ्यांना वाटतं. वाटू द्या. त्याचं गणित तेवढं नोटिशीत मांडू नका, कारण ते चौथीतलं पोरगंही सोडवेल. समजा एकाचा रोज ६४० रुपये. आठ तासांनी भागलं की तासाला ८०. तो महिन्यात तीनदा सात-सात मिनिटं उशिरा आला. एकूण एकवीस मिनिटं, त्याचे होतात २८ रुपये. तुमच्या वाक्यानं कापले ३२०. वरचे २९२ कशाचे, असं त्यानं विचारलं तर 'शिस्तीचे' म्हणा.

एक लहानशी अडचण आहे, ती दरवाजा लावून वाचा. १९३६ चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट काढा नाहीतर २०१९ ची वेतन संहिता काढा, दोन्हीकडं एकच गोष्ट आहे: गैरहजेरीचा पगार कापायचा तर गैरहजर वेळेच्या प्रमाणातच कापायचा. एकवीस मिनिटं तर एकवीस मिनिटं. बाकीचे २९२ ही कपात नव्हे, तो दंड झाला. आणि दंडाला वेगळी वाट आहे. कशाकशाबद्दल दंड लागेल त्याची मंजूर यादी आधी लावायची, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जायचं नाही. वर पुन्हा तो पैसा मालकाच्या खिशात नाही, कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा. एवढं सगळं करून शेवटी पैसा कामगारांकडंच जाणार असेल तर दंड करण्यात मजा ती काय राहिली? म्हणून दंड हा शब्द वापरूच नका. 'लेट मार्क' म्हणा. कसं शाळेतल्यासारखं, निरागस वाटतं.

नाईट शिफ्टबद्दल तर एक अक्षर लिहू नका. ती आपोआप बोंबलते. अकरा ते सातचा माणूस सोमवारी रात्री अंगठा लावून आत येतो आणि मंगळवारी सकाळी अंगठा लावून बाहेर जातो. मशीनला कुणी सांगितलेलं नसेल तर त्याच्या लेखी रात्री बाराला दिवस संपतो. मग सोमवारी नुसतं येणं, जाणं नाही: खाडा. मंगळवारी सकाळी नुसतं जाणं, येणं नाही: पुन्हा भानगड. माणूस रात्रभर भट्टीसमोर उभा, आणि कागदावर दोन दिवस गायब. आमच्याकडं पहिल्या महिन्यात नाईटच्या बऱ्याच जणांच्या पगारपत्रकावर असे खाडे उगवले. 'नाईटची हजेरी ज्या रात्री आत आला त्या तारखेला धरली जाईल' एवढं एक वाक्य नोटिशीत आणि मशीनच्या सेटिंगमध्ये असतं तर हे झालं नसतं. पण मग पगाराच्या दिवशी टाईम ऑफिसच्या खिडकीत जी गर्दी होते, तिला तुम्ही मुकाल.

शिफ्ट फिरवायची कशी, तर नाईटवरून थेट फर्स्टला. रविवारी सकाळी सातला नाईट सुटते, सोमवारी सकाळी सातला फर्स्ट लागते, मध्ये बरोबर चोवीस तास. नाईटवाल्याची साप्ताहिक सुट्टी शिफ्ट सुटल्यापासून चोवीस तास मोजायची असं कारखाने अधिनियमात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहेच, म्हणजे तुम्ही अक्षरशः कायद्यात बसता. त्यातले दहा तास तो झोपला, तर तो त्याचा वैयक्तिक प्रश्न.

आता तारीख. मालक म्हणाले पहिल्यापासून, आज आहे सव्वीस. 'तात्काळ प्रभावाने' लिहून टाका. कामाचे तास, विश्रांती, शिफ्ट यांत असा बदल करायचा तर एकवीस दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यावी लागते, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आकडा एकवीसच राहिलाय. काही अपवाद आहेत, आणि आपण त्यातच बसतो अशी प्रत्येक एच.आर.ची मनापासून श्रद्धा असते.

एकवीस दिवस कशाला हवेत लोकांना? नोटीस वाचायला तर दोन मिनिटं पुरतात. पण तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला आमच्याकडची एक शिफ्ट माहीत नसेल, ती कुठल्याच बोर्डावर नसते. शिये, भुये, टोप, वडगाव इकडनं येणाऱ्या निम्म्या लोकांच्या दारात म्हैस आहे. पहाटे उठून शेण काढायचं, धार काढायची, किटली घेऊन दूध संस्थेत रांग लावायची, फॅट बघायची, घरी येऊन आंघोळ, डबा, गाडीला किक. आठच्या शिफ्टला हे सगळं जेमतेम बसत होतं. साताला बसत नाही. मग घरातल्या बाईनं दूध घालायचं का पोराला उठवायचं, दुसऱ्या गावचा जोडीदार आता कुणाच्या गाडीवर येणार, थोरल्या भावाची शिफ्ट वेगळ्या कारखान्यात कशी आहे, ह्याची जुळवाजुळव करायला ते एकवीस दिवस जातात. म्हैस तुमची नोटीस वाचत नाही, तिची वेळ तिच्या कासेत असते.

कारण विचारलं तर 'प्रशासकीय कारणास्तव'. खरं कारण म्हणजे विजेचा दर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, आणि इंडक्शन भट्टी स्वस्त वेळेत चालवली तर बिलात फरक पडतो. हे मुळीच सांगू नका. सांगितलं तर लोक म्हणतील, 'मग असं सांगा की, भट्टीपुरतं बरोबर हाय.' आणि लगोलग विचारतील, 'फेटलिंगला कुठं लोखंड वितळवायचं हाय? आमाला का सात?' ह्याला उत्तर नाही.

वाईट नोटीस कशी असते तेही दाखवतो. आमच्या एका जुन्या सुपरवायझरनी चलनाच्या पाठीवर मला लिहून दिली होती: 'फस्ट सात ते तीन. सातला गेटच्या आत आला की टायमात, थंबची रांग कंपनीची. घड्याळ भोंग्याचं. जेवढी मिनिटं उशीर तेवढ्याचाच पगार कापणार. अंगठा उठला नाही तर त्याच दिवशी वहीत सही. नाईटची हजेरी आल्या रात्रीची. नाईटनंतर सेकंड, मग फस्ट. खाडा चुकून लागला तर पगाराच्या आधी टाईम ऑफिसला सांगा, चार दिवसांत दुरुस्त. भट्टीला वीज स्वस्त पडती म्हणून बदल.' वाचलीत? लेटरहेड नाही, जावक क्रमांक नाही, 'सूचित' नाही. आणि वाचून कुणाला काही विचारायचं उरत नाही, म्हणजे साहेबाला मान कसा राहणार? मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि टाईप केलेली लावली.

शेवटचं: नोटीस गेटजवळच्या काचेच्या कपाटात लावा, किल्ली स्वतःकडं ठेवा, आणि सहीच्या खाली जागा रिकामी सोडू नका. आमच्या कपाटाची काच फुटलेली होती, आणि मी चार बोटं जागा सोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं सापडलं: 'म्हशीला पण एक झेरॉक्स द्या.'