प्रसादाची चटणी आणि उकाड्याची रात्र

चैत्रात आमच्या घरी नारळ विकत आणावा लागत नाही. जोतिबाच्या यात्रेहून परतणारा प्रत्येक शेजारी फोडलेल्या नारळाची दोन भकले आणि गुलालाने माखलेले सुक्या खोबऱ्याचे तुकडे हातावर ठेवून जातो. सुके खोबरे डब्यात पडते आणि महिनोनमहिने कोणाला आठवत नाही. ओल्या नारळाची मात्र त्याच संध्याकाळी डोशाबरोबर चटणी होते, आणि उरलेली चटणी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात भांडण लावते.

यंदा चटणी उरली ती पाऊण पातेले. फ्रीजमध्ये डोशाचे पीठ आणि एक अखंड कलिंगड यांनी आधीच ठाण मांडले होते, म्हणून आत्याबाईंनी पातेल्यावर ताटली ठेवून ते ओट्यावर सरकवले आणि "झाकून ठेवलंय की, काय हुतंय त्याला?" असे म्हणून दिवा मालवला. आमचे स्वयंपाकघर स्लॅबच्या थेट खाली असल्याने एप्रिलमधल्या रात्री नऊ वाजताही तिथे तीस अंशांच्या आसपास उकडत असते. ताटलीने झुरळ थांबते; जिवाणू थांबत नाहीत, कारण ते आधीच आत असतात.

ते आत येतात कुठून, याचा शोध मी त्या पातेल्यापुरता घेतला. न फोडलेला नारळ करवंटीच्या आत मोठा सुरक्षित असतो आणि आठवडेच्या आठवडे टिकतो. एकदा तो फुटला, की शेंडीची धूळ, हात, सुरी आणि खवणी यांचा स्पर्श त्या ओल्या, पांढऱ्या गरास होतो. आमचा नारळ तर सकाळी डोंगरावर फुटला होता आणि संध्याकाळपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घामाघूम होऊन बसला होता. म्हणजे चटणीची रात्र सुरू होण्यापूर्वीच तिचा अख्खा दिवस खर्ची पडलेला होता. त्यात मातीतून आलेली कोथिंबीर, आले आणि मिरच्या पडल्या, तेही कच्चेच. शिवाय मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली जी रबरी चकती असते, तिच्या खाली मागच्या वाटणाचे काय काय दडलेले असते, हे भांडे घासणाऱ्यालाच ठाऊक.

त्यानंतर या मंडळींची जी बडदास्त राखली गेली, तिला तोड नाही. खोवलेला नारळ बारीक वाटला गेल्याने त्याच्या पेशी फुटून त्यातले पाणी, साखर आणि प्रथिने मोकळी झाली. वाटताना वाटीभर पाणी घातले, मूठभर डाळ्याने पिठूळपणाची भर घातली, आणि मिक्सरने फिरून फिरून सगळे कोमट करून दिले. नारळ आंबट नसतो. चिंच, लिंबू किंवा दही घातले नाही, तर चटणीत जिवाणूंना टोचेल अशी आंबटाई नावालाही नसते. मीठ होते चमचाभर. अर्धा किलो चटणीत ते जेमतेम एक टक्का भरते, आणि लोणचे टिकवायचे तर दहा टक्क्यांच्या पुढे जावे लागते. फोडणीचा चर्रर्र आवाज ऐकून आपल्याला वाटते की आता काही जिवंत राहिले नसेल. परंतु दोन चमचे तापलेले तेल पातेलेभर थंड चटणीचा फक्त वरचा थर क्षणभर चटकवते.

आता हिशेब पाहू. ग्रॅममागे हजार जिवाणू घेऊन चटणी रात्री नऊला ओट्यावर बसली असे धरू. पहिले दोन तास त्यांना बस्तान बसवायला देऊ. पुढे सकाळी सहापर्यंतच्या सात तासांत दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले, तर चौदा वेळा दुप्पट होऊन एकाचे सोळा हजारांवर जातात आणि हजाराचे दीड कोटीच्या पुढे. अन्न विटल्याचे नाका-जिभेला कळू लागते ते साधारण याच पातळीवर. म्हणून तर चटणी रात्री झोपताना निर्दोष असते आणि चहाच्या वेळी आरोपी ठरते.

सकाळी ताटली उचलली तेव्हा कडेने पाणी सुटले होते, पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे होते आणि चमचा वर उचलताच बारीक तार आली. डोशाचे पीठ फुगवणाऱ्या जातीचेच जिवाणू इथेही आम्ल आणि वायू तयार करतात. पिठात त्यांचे कौतुक होते, चटणीत होत नाही. वर किंचित साबणासारखी चव होती, असे काकांनी चाखून सांगितले. चाखायला कोणी सांगितले नव्हते. नारळाच्या तेलातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. जिवाणू आणि बुरशी यांची विकरे ते तेलातून सुटे करू लागली, की चटणीला अशी साबणी चव येते.

आत्याबाईंचा युक्तिवाद दोन पदरी होता. प्रसाद टाकायचा नसतो, हा पहिला; आणि शेजारीच ठेवलेला खर्डा, शेंगदाण्याची चटणी व लिंबाचे लोणचे यांना काही झालेले नव्हते, मग नारळानेच काय घोडे मारले, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीत जिवाणूंना प्यायला पाणी नाही, लोणच्यात मीठ आणि आम्ल आहे, आणि खर्ड्याच्या मिरच्या तेलावर चांगल्या परतलेल्या असून त्यात पाणी घातलेले नसते. बटाट्याच्या भाजीचाही उकाड्यात रात्रभर भरवसा नाही, पण ती निदान शिजून, बरेचसे जिवाणू मारून मैदानात उतरते. आणि नारळाचाच अपमान समजू नये: गुलाल लागलेले ते सुके खोबरे त्याच झाडाचे, तरी वाळल्यामुळे त्यात पाणी सहा-सात टक्केच उरते. आमच्या वर्षाच्या कांदा-लसूण चटणीत तेच पडते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते. फार तर हळूहळू खवट होते, पण एका रात्रीत आंबत नाही.

पहिल्या मुद्द्यावर तडजोड म्हणून "उकळून आमटी करू या" अशी सूचना आली. हीच सूचना सर्वांत धोक्याची होती. उकळल्याने जिवाणू मरतात, पण हातांवरून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूने रात्रभरात विष सोडलेले असेल, तर ते उकळूनही तसेच राहते; आणि ते असल्याचे ना वासावरून कळते, ना चवीवरून. आंबूस वास हा फक्त खोडकर जिवाणूंचा गलका असतो. घातक जिवाणू बहुधा गप्प असतात. त्यामुळे वास आला नसता, तरी ती चटणी टाकावीच लागली असती.

शेवटी काकांनी अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी खड्डा खणून प्रसादाला माती दिली आणि घरात नवा नियम झाला. उन्हाळ्यात वाटलेली चटणी तासाभरात, एरवी दोन तासांत, उथळ डब्यात घालून फ्रीजमध्ये जायलाच हवी, मग कलिंगड बाहेर राहिले तरी चालेल. जादा नारळ खवून कोराच बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि लागेल तेवढाच वाटायचा. फ्रीजमध्येही जिवाणूंची वाढ फक्त मंदावते, थांबत नाही. म्हणून चटणी दोन, फार तर तीन दिवसांत संपवायची. आत्याबाईंनी हे सगळे मान्य केले आहे. मात्र ते तीन दिवस डबा सापडेल त्या दिवसापासून मोजावेत, असे त्यांचे म्हणणे आहे.