व्हॅलिडिटी हवी? आधी आजोबांना शाळेत घाला

प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा जमातीचा दाखला हातात आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. तो दाखला म्हणजे तुमचा नुसता दावा. तो खरा की खोटा हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ठरवणार, खरा ठरला तरच वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, देणार, आणि 2000 च्या जात पडताळणी कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पुराव्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर. तेव्हा उशीर न करता आजोबांपासून तयारी सुरू करा.

आजोबांना 1950 च्या आधी शाळेत घाला. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा. त्याच्या आधीच्या नोंदीला सगळ्यात जास्त वजन, कारण त्या काळी जमातीच्या नावाला आजच्यासारखी सवलत चिकटलेली नव्हती, मग खोटं लिहिणार कोण आणि कशाला? आजोबांच्या पायाखाली शाळा नव्हती, रानच होतं, ही अडचण समितीला सांगून उपयोग नाही. तसं असेल तर निदान त्यांच्या जन्माच्या वेळी कोतवाल शुद्धीवर होता ना, हे पाहा. गाव नमुना 14, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. बऱ्याचदा मोडी लिपीत असतं आणि हात लावला की पान सुटतं. त्याची प्रमाणित नक्कल, मोडी वाचकाचं लिप्यंतर आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, एवढं जमलं की अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी मात्र सरळ नाही.

आता गुरुजींना समजावून ठेवा. समजा तुम्ही जळगावकडचे, ठाकूर जमातीचे. आजोबांची 1936 ची शाळेतली नोंद ‘ठाकूर’, चुलत आजोबांचा 1924 चा जन्म कोतवाल बुकात ‘ठाकूर’, आणि 1962 साली चुलत्यांचं नाव घालणाऱ्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात ‘हिंदू मराठा’ लिहून टाकलं. गुरुजींनी कोणाला विचारलं होतं, ते त्यांनाच ठाऊक. आता फाइलीत तीन कागद आहेत. दोन जुने, एक नवा. कोणता जड? अनुभव असा की विसंगत कागद नेहमी जड होतो. कायदा उलटं सांगतो: स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला जास्त महत्त्व द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या आनंद प्रकरणात म्हटलं आहे. पण कायदा दिल्लीत आणि फाइल समितीच्या टेबलावर.

समितीची शंका अगदीच हवेतली असते असंही नाही. ‘ठाकूर’ हे आडनाव राजपुतांतही आहे आणि भाटांतही, आणि त्या आडनावावर जमातीचा दाखला काढणारे लोकही आहेत. बोगस दाखल्यावर मिळालेली जागा खऱ्या आदिवासी मुलाच्या हातून गेलेली असते. म्हणून समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहायला शाळेत जातं, आणि जायलाच हवं. 1936 च्या टाकाने लिहिलेल्या ओळीत ‘ठाकूर’ शब्दाच्या पुढे बॉलपेनने ‘अ.ज.’ घातलेलं दिसलं, तर नोंद कोणी तरी नंतर रंगवली हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच पानावरच्या वरच्या-खालच्या नोंदींची शाई, अक्षर आणि रकाना जुळतो का, एवढं पाहिलं की कळतं. नक्कल घेतानाच स्वतः रजिस्टर बघून घ्या. खाडाखोड असेल तर ती तुमच्या फाइलीत तुमच्या हाताने जायला नको.

सगळ्यात जास्त तयारी करायची ती अ‍ॅफिनिटी टेस्टची. कागदोपत्री आप्तभाव चाचणी. कुलदैवत कोणतं, लग्नात कोणते विधी, मयताला काय करता, बोली कोणती, पोटजमात क ठाकूर की म ठाकूर? सगळं पाठ करा. पण सगळं सांगू नका. धडाधड उत्तरं दिलीत तर ‘अर्जदार पढवून आणलेला वाटतो’. अडखळलात तर ‘जमातीच्या चालीरीतींची माहिती नाही’. लग्न मंगल कार्यालयात केलंत तर परंपरा सुटली, आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवता म्हणालात तर ‘उत्तर मोघम’. सुरक्षित उत्तर एकच: तीन पिढ्या शहरात राहूनही पाड्यावरच्यासारखं बोलणं, आणि तेही इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी.

ही चाचणी म्हणजे लिटमस कागद नव्हे, ती निर्णायक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 ला महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितलं. स्थलांतराने आणि आधुनिक राहणीने चालीरीती बदलतात, हे आनंद प्रकरणात आधीच आलेलं होतं. 2023 च्या निकालात आणखी एक महत्त्वाचं आहे: प्रत्येक फाइल दक्षता पथकाकडे पाठवायची नसते. कागदपत्रांवर समाधान झालं नाही तरच पाठवायची, आणि समाधान का झालं नाही याची थोडक्यात कारणं लिहून. तुमच्या फाइलीत ती कारणं शोधू नका. उगाच मनस्ताप होतो.

‘तुमचं गाव सह्याद्रीत नाही’ असं ऐकू आलं तर मान डोलवा. 1976 च्या दुरुस्तीने राज्यातल्या राज्यात ठरावीक भागातलेच लोक त्या जमातीचे, ही क्षेत्राची अट उठवली, हे बोलून दाखवणं उद्धटपणाचं.

मग दक्षता अहवाल येतो. विरुद्ध गेला असेल तर माधुरी पाटील प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या निकालाप्रमाणे समितीने त्याची प्रत कारणे दाखवा नोटिशीसोबत तुम्हाला द्यायची असते. उत्तराला दोन आठवडे, मागून घेतलेत तर जास्तीत जास्त तीस दिवस, आणि नंतर सुनावणी. त्याच निकालात चौकशी दोन महिन्यांत उरकावी असंही आहे. ते वाचून हसायची मुभा आहे. प्रत मागू नका, असं मी सांगणार होतो. पण मागा. लेखी मागा, पोच घ्या, आणि उत्तरात एकेका ओळीला हात घाला: 1962 ची नोंद कोणी केली, 1936 ची का ग्राह्य धरायची, जबाब कोणाचा घेतला आणि घरातल्या कोणाचा घेतलाच नाही.

चुलत भावाकडे व्हॅलिडिटी असेल तर खूश व्हा, पण जरा दमाने. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात वैधता आधी मिळाली असेल आणि ती फसवून घेतलेली नसेल, तर पुढच्याला नाकारू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 च्या अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितलं. समिती भावाची फाइल रीतसर चौकशीनंतर निकाली निघाली होती का, हे पाहू शकते. नातं सिद्ध करणं मात्र तुमचं काम: वंशावळीचं शपथपत्र, त्यात प्रत्येक नावापुढे एक कागद. वंशावळीत ‘सखाराम’ आणि रजिस्टरात ‘सखा’ असेल, तर तो एकच माणूस आहे हेही तुम्हीच दाखवायचं.

नकार आलाच तर वरच्या साहेबाकडे अपील शोधत फिरू नका, ते ठेवलेलंच नाही. कलम 7(2) प्रमाणे समितीचा आदेश अंतिम, दाद फक्त उच्च न्यायालयात, अनुच्छेद 226 खाली. म्हणजे ज्याला कॉलेजची फी जमवायची होती, त्याने आता वकिलाची जमवायची. न्यायालय बहुधा आदेश रद्द करून फाइल त्याच समितीकडे नव्याने विचारासाठी पाठवतं. प्रवेशाची तारीख तोवर थांबत नसते.

आणि धाकटी बहीण बारावीत असेल तर तिचा अर्ज आत्ताच भरा. तिची फाइल वेगळी, शपथपत्र वेगळं. आजोबांची नक्कल मात्र पुन्हा काढावी लागेल. मागच्या वेळची समितीकडे जमा आहे.