‘खालील पाहावे’

कालच एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला एक मेल फॉरवर्ड केला आणि त्याच्या माथ्यावर ‘खालील पाहावे’ एवढे दोनच शब्द लिहिले. विषयाच्या ओळीत ‘Fwd: Re: Re: बैठकीची वेळ’ असे होते. ती बैठक केव्हाच होऊन गेली होती, आणि तिला तर मला बोलावलेलेही नव्हते. खाली डझनभर मेल उलट्या क्रमाने, म्हणजे ताजा वर आणि जुना तळाशी, असे रचलेले होते. प्रत्येकाच्या शेवटी ‘हा संदेश आपल्यासाठी नसल्यास कृपया नष्ट करावा’ अशी सूचना होती. तो माझ्यासाठी आहे की नाही हेच मला ठरवता येत नसल्यामुळे ती सूचना मी दोनदा गांभीर्याने विचारात घेतली.

शेवटी मी त्यांना फोन केला.

“आपला मेल मिळाला. यात मी नेमके काय करायचे आहे?”

“खाली सगळे दिले आहे.”

“खाली म्हणजे कोणत्या मेलमध्ये?”

“अहो, खाली म्हणजे खाली. वाचत गेलात की येईलच.”

“पण मला हे केवळ माहितीसाठी आहे की काही उत्तर अपेक्षित आहे?”

ते थोडे थांबले. “ते तुम्ही वाचून ठरवा ना.”

“आपण वाचलेत का?”

“मला वाचायला वेळ असता, तर तुम्हाला कशाला पाठवला असता?” असे त्यांनी अत्यंत निर्मळ मनाने विचारले. एवढ्यावर न थांबता, सध्या लोकांची वाचनाची सवयच कशी सुटत चालली आहे, यावर त्यांनी मला बराच वेळ ऐकवले. तेवढ्या वेळात मेलवर तीन ओळी सहज लिहून झाल्या असत्या.

मग मी वाचत गेलो. कामाची गोष्ट वरून चौथ्या मेलमध्ये, पुरवठादाराच्या १२ तारखेच्या पत्रात निघाली. छपाईयंत्राच्या देखभाल-करारासाठी त्याने दोन पर्याय दिले होते आणि त्यांतला कोणता हवा ते गुरुवारपर्यंत विचारले होते. सर्वाधिक वापर आमच्या विभागाचा असल्यामुळे मत आमचे हवे होते. वर लिहायला हवे होते ते इतकेच:

“देखभाल-कराराचा दुसरा पर्याय आपल्या विभागाला चालेल का, ते कृपया बुधवारी दुपारपर्यंत मला कळवावे. यंत्राचा वापर सर्वाधिक आपल्याकडे असल्याने आपले मत हवे आहे. पुरवठादाराचा १२ तारखेचा मेल खाली ठेवला आहे आणि दरपत्रक जोडले आहे. आधीचा पत्रव्यवहार काढून टाकला आहे. पुरवठादाराला मीच उत्तर देईन.”

यात मागणी पहिल्याच वाक्यात आहे, कारण फोनवर मेल न उघडता तेवढेच दिसते. शेवटचे वाक्य अनेकांना फालतू वाटते, पण तेच नसले की घोटाळा होतो. फॉरवर्ड झालेल्या मेलला ‘उत्तर द्या’ म्हटले, की उत्तर मूळ लेखकाकडे नव्हे, तर फॉरवर्ड करणाऱ्याकडे जाते. ज्याला हे ध्यानात येत नाही तो पुरवठादाराला कळवल्याच्या समाधानात राहतो, आणि ज्याला येते तो वेगळा मेल लिहून परस्पर कळवतो. मग तिकडे दोन विभागांची दोन उत्तरे पोहोचतात. हाच मेल तिघांना पाठवायचा असेल, तर कोणी काय करायचे ते नावानिशी लिहावे लागते. एरवी प्रत्येक जण उरलेल्या दोघांवर विसंबून राहतो. विषयाची ओळ बदलायलाही कोणाची परवानगी लागत नाही. ‘देखभाल-करार : बुधवारपर्यंत मत हवे’ असे लिहिले असते, तर मी बैठकीच्या शोधात भटकलो नसतो.

माझी खरी तक्रार मात्र वेळेची नाही. पाठवणाऱ्याला हा मेल मलाच का पाठवायचा हे बटण दाबताना ठाऊक असते. तेवढे लिहायचा कंटाळा करून तो ते शोधण्याचे काम माझ्या गळ्यात घालतो आणि वर आपले काम उरकले म्हणून मोकळा होतो. शिवाय न वाचता पाठवलेल्या साखळीत काय काय दडलेले असते, याचीही त्याला कल्पना नसते. तळापासून दुसऱ्या मेलमध्ये याच गृहस्थांनी माझ्याविषयी लिहिले होते, “त्यांना विचारण्यात अर्थ नाही, ते प्रत्येक गोष्ट लांबवतात.”

दुसरा पर्याय चालेल, असे मी त्यांना तासाभरात कळवले. नंतर तो एकच मेल वेगळा काढून, विषयाची ओळ बदलून, त्यांना परत पाठवला आणि वर व्यवस्थित लिहिले : “आपला ९ तारखेचा मेल खाली आहे. त्यातील दुसरे वाक्य माझ्याविषयी असल्याने आपल्याकडे पाठवत आहे. आपले मत अद्याप तेच आहे का, ते कृपया सोमवारपर्यंत कळवावे. इतर कोणाला प्रत पाठवलेली नाही.”

त्यांचे उत्तर आले, “पाहिले.”