खोबऱ्याच्या कॅलरी: 354 खरं की 444?

फिरणारा मेसेज असा: "ओल्या खोबऱ्याला एक ॲप 354 कॅलरी दाखवतं, दुसरं 444. म्हणजे सगळे अंदाजपंचे. कॅलरी लॅबमध्ये अन्न जाळून मोजतात, म्हणून फक्त अमेरिकन सरकारचा आकडा धरा, नाहीतर दोन-तीन ॲपची सरासरी काढा."

फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ते जाळून मोजण्याचं. या तक्त्यांमधला कॅलरीचा आकडा सहसा जाळून आलेला नसतो. लॅबमध्ये पाणी, प्रोटीन, फॅट, राख हे मोजतात, कार्बोहायड्रेट बऱ्याचदा वजाबाकीने काढतात, आणि मग प्रत्येकाला ठरलेल्या आकड्याने गुणून बेरीज करतात. सरधोपट हिशोब प्रोटीनला 4, कार्बला 4, फॅटला 9.

आता तेच दोन आकडे उघडून बघू. 444 हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला, कित्येक ॲपनी तिथूनच उचललाय. त्यात 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात फॅट 41.6, प्रोटीन 4.5, कार्ब 13 आणि पाणी 36 ग्रॅम. गुणून बघा, 444 येतात. अमेरिकन तक्त्यात फॅट 33.5, प्रोटीन 3.3, कार्ब 15.2, पण पाणी 47 ग्रॅम! म्हणजे त्यांचं खोबरंच जास्त ओलं होतं. शिवाय ते खोबऱ्याला 9 नाही तर 8.37 ने फॅट गुणतात, प्रोटीनला 3.47, कार्बला 4.07, म्हणून 354. आपल्या 4-4-9 ने केलं तर तेच खोबरं 376 होतं. म्हणजे 90 चा फरक, त्यातले 22 नुसते गुणाकाराचे, बाकीचे 68 मुख्यतः पाण्याचे. पाणी काढून टाकलं तर सुक्या भागाच्या एका ग्रॅमला दोन्हीकडे जवळपास 7 कॅलरीच पडतात. खोटं कोणीच बोलत नाहीये, नारळ वेगळे होते, बस.

आणि हे गोव्यात कोणाला सांगायला नको. काल पाडलेला नारळ आणि माळ्यावर महिनोन्महिने पडलेला नारळ फोडून बघा, खोबरं हाताला लागलं तरी कळतं. खात्रीच करायची असेल तर 100 ग्रॅम खवलेलं खोबरं ताटात पातळ पसरून मंद ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा, करपू देऊ नका. 53 च्या आसपास उरलं तर तुमचा नारळ अमेरिकन तक्त्यासारखा, 64 उरलं तर जुन्या भारतीय तक्त्यासारखा.

मग विश्वास कोणावर? आपल्या बाजारातल्या कच्च्या मालाला मी तरी IFCT 2017 बघतो. तोही राष्ट्रीय पोषण संस्थेचाच, देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन 528 पदार्थ तपासलेले. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये असते, 4.184 ने भागायला विसरू नका. कच्चा पांढरा तांदूळ तिथे 1491 आहे, म्हणजे 356 कॅलरी, आणि एखाद्या ॲपवर तांदळाला चौदाशेच्या वर कॅलरी दिसल्या तर कोणीतरी भागलंच नाही हे समजायचं. अमेरिकन FoodData Central वाईट नाही, पण तिथे SR Legacy किंवा Foundation लिहिलेली नोंद घ्या. Branded म्हणजे कंपनीने दिलेला लेबलवरचा आकडा, तो त्याच पाकिटापुरता, आणि ते पाकीट तिथलं.

सरासरीचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. शिजलेला भात 130, कच्चा तांदूळ 356, ॲपवर दोन्ही नुसतं "राईस". सरासरी 243, असला भात जगात कोणी जेवत नाही. (पेजेचा तर विषयच सोडा, प्रत्येक घरची वेगळी पातळ.) कच्चा माल तोला, त्याचा हिशोब करा, मग शिजलेल्या एकूण वजनाने भागा.

चार माणसांच्या हुमणात 120 ग्रॅम खोबरं गेलं असं धरा. एका आकड्याने 425 कॅलरी, दुसऱ्याने 533. माणशी फरक 27. म्हणजे तीन ग्रॅम तेल, जे मासळी तळताना आपण न मोजता ओततो. आधी ती बाटली काट्यावर ठेवा, खोबऱ्याचं नंतर भांडू.