१२० किलोवॅटच्या चार्जरवर ६८ किलोवॅटच का मिळाले: परीक्षणाला उत्तर

ग्राहकाचे परीक्षण (दोन तारे): "चार्जरवर १२० किलोवॅट लिहिले आहे. माझी गाडी १०० घेते असे कंपनी सांगते. तरी स्क्रीनवर आकडा ६८च्या पुढे हलला नाही. माझ्यानंतर त्याच गनवर लागलेली गाडी मात्र ११८ने चार्ज होत होती. काही गाड्यांनाच पूर्ण वेग देता का?"

चार्जिंग केंद्राकडून उत्तर:

नमस्कार. आपण दोन्ही गाड्यांचे आकडे टिपून ठेवलेत, त्यामुळे कारण नेमके सांगता येते. आम्ही चार्जरमधील दोन्ही नोंदी तपासल्या. दोन्ही वेळी यंत्र, केबल आणि सीसीएस२ गन एकच होती आणि दुसरी गन रिकामी होती. फरक पडला तो बॅटरीच्या व्होल्टेजमुळे.

किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर, भागिले एक हजार. या गुणाकारातले व्होल्टेज गाडीची बॅटरी ठरवते. चार्जरला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. ॲम्पिअरची मर्यादा मात्र आमच्या केबलला आहे. या गनची केबल द्रव-शीतनाची नाही, त्यामुळे ती जास्तीत जास्त २०० ॲम्पिअर वाहून नेते. त्यापुढे तांब्याच्या तारा आणि गनमधील पिना सुरक्षित मर्यादेपलीकडे तापू लागतात. आपली गाडी ४०० व्होल्ट वर्गातली आहे आणि त्या वेळी तिच्या बॅटरीचे व्होल्टेज ३४० होते. ३४० गुणिले २०० म्हणजे ६८ किलोवॅट. आपल्यानंतरची गाडी ८०० व्होल्ट वर्गातली होती. तिच्या बॅटरीचे व्होल्टेज ६९० असल्याने ११८ किलोवॅटसाठी तिला सुमारे १७१ ॲम्पिअरच पुरले. म्हणजे अधिक वेगाने भरणाऱ्या गाडीने केबलमधून आपल्यापेक्षा कमी प्रवाह घेतला.

वेग आम्ही गाडी पाहून ठरवतो का, या आपल्या शंकेला उत्तर गाडी आणि चार्जर यांच्यातील संवादात आहे. गन लागताच दोघांमध्ये पायलट पिनेवरून डिजिटल संदेश सुरू होतात. चार्जर आपली कमाल व्होल्ट, ॲम्पिअर आणि किलोवॅट मर्यादा कळवतो, आणि गाडी किती प्रवाह हवा ते सतत सांगत राहते. त्या मर्यादेत बसेल तेवढी मागणी चार्जर पुरी करतो. आपल्या गाडीची मागणी सुरुवातीपासून २०० ॲम्पिअरला टेकलेली दिसते, आणि चार्जरने तेवढा प्रवाह अखंड दिला आहे.

कंपनी सांगते ते १०० किलोवॅटही खरे आहेत, पण ३५० व्होल्टला त्यासाठी सुमारे २८६ ॲम्पिअर लागतात. म्हणून पुढच्या वेळी आपण केवळ किलोवॅटचा मोठा आकडा पाहून चार्जर निवडू नये, अशी कळकळीची विनंती आहे. केबल २०० ॲम्पिअरचीच असेल, तर २४० किलोवॅटच्या यंत्रावरही आपल्या गाडीला इतकाच वेग मिळेल. किमान ३०० ॲम्पिअरची केबल शोधावी. द्रव-शीतन असलेल्या केबल त्याहून बरेच अधिक वाहून नेतात. अर्थात १०० किलोवॅट हा गाडीचा शिखराचा आकडा आहे. समजा बॅटरीत ३० युनिट भरायची आहेत. सलग ६८ किलोवॅटने त्याला साधारण साडेसव्वीस मिनिटे लागतील, आणि सलग १०० ने अठरा. गाडी शिखरावर फार वेळ टिकत नसल्याने प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमीच असतो.

स्क्रीनवर व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही दिसतात, त्यांवरून अडथळा कुठे आहे ते ओळखता येते. ॲम्पिअर २०० वर स्थिर आहेत आणि बॅटरी भरत जाईल तसे व्होल्टेज व किलोवॅट हळूहळू चढत आहेत, तर मर्यादा केबलची आहे. ॲम्पिअर उतरत चालले आहेत, तर बहुधा गाडीनेच मागणी कमी केली आहे. साधारण ८० टक्क्यांनंतर किंवा बॅटरी फार थंड वा गरम असताना असे होते. शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागताच किलोवॅट एकदम खाली आले, तर यंत्राची शक्ती दोघांत वाटली गेली आहे. मात्र बॅटरी निम्मीही भरलेली नसताना आणि दुसरी गन रिकामी असताना ॲम्पिअर मध्येच घसरले, तर गनमधील तापमान-संवेदकाने प्रवाह कमी करवला असण्याची शक्यता असते. पिना झिजल्या किंवा मळल्या असतील तर असे घडते. तसे दिसल्यास आम्हाला लगेच कळवावे, कारण तो दोष आमच्याकडचा असेल आणि तपासणी होईपर्यंत ती गन बंद ठेवावी लागेल. आपल्या नोंदीत गनचे तापमान मर्यादेच्या बरेच खाली आहे.

गन बसते आणि चार्जिंग सुरू होते, म्हणजे जुळणी पूर्ण झाली, असे समजणे स्वाभाविक आहे. ८०० व्होल्टच्या गाड्यांनाही याचा उलट अनुभव येतो: ५०० व्होल्टपर्यंतच्या जुन्या चार्जरवर गन नीट बसते, पण गाडीत व्होल्टेज वाढवणारी सोय नसेल तर चार्जिंग सुरूच होत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक गनशेजारच्या फलकावर किलोवॅटसोबत कमाल ॲम्पिअर आणि व्होल्टेजची मर्यादा लिहीत आहोत; ॲपमधील माहितीतही ती दिसेल. आपल्या सत्राची मिनिटागणिक नोंद हवी असल्यास पावतीवरील सत्र क्रमांक कळवावा, ती आपल्याला पाठवू.