खुर्ची बुडते आहे, कृपया सांभाळून बसा

आज सकाळी क्लायंटसमोर बोलता बोलता मी बुडालो. दहाला खांद्यांपर्यंत दिसत होतो, सव्वादहाला टेबलाच्या कडेवर फक्त हनुवटी. साहेब म्हणाले, "अरे, कॅमेरा नीट कर." कॅमेरा जागेवरच होता हो, मी जागेवर नव्हतो!

महिनाभर हेच. दांडी ओढली की बया ऐटीत वर येते. म्हणजे सीटखालच्या सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक आहे, पण आतल्या व्हॉल्व्हचं सील गेलंय. दांडी सोडली तरी नायट्रोजन एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपतो आणि आपण खाली. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "गॅस लिफ्ट वॉरंटीत येत नाही." मग वॉरंटीत काय येतं, खुर्चीचा रंग? आमच्या सोसायटीची लिफ्टही अशीच, खाली जायला सदैव तयार. वर शेजारचे काका, "तेल सोड रे थोडं." काका, तुमच्या तेलानेच माझ्या मिक्सरचा जीव गेलाय.

शेवटी नवा सिलिंडर मागवला. जुना काढणं म्हणजे अक्कलदाढ काढणं! एकही स्क्रू नाही. वर-खाली निमुळती टोकं नुसती दाबून बसवलेली, आणि चार वर्षं माझ्या वजनाने घट्ट झालेली. खुर्ची उलटी केली, सांध्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला, अर्धा तास थांबलो. खालच्या बाजूला मधोमध क्लिप दिसते, तिच्यावर हाणायचं नाही. नळीच्या कडेवर लोखंडी तुकडा टेकवून गोल फिरत ठोकायचं. मी अर्थात पहिला घाव क्लिपवरच घातला आणि दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्याला पाच पायांचा पंजा सुटला. सीटखालचं टोक मात्र ढिम्म. शेवटी प्लंबरकडून पाइप पाना आणला, नळीला लावून पिळलं, तेव्हा कुठे "कट्ट" झालं. (जुना सिलिंडर उघडायच्या किंवा त्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. आत दाबाखाली गॅस असतो, छर्रा उडतो.)

नवा घेताना मापं घेतली होती: खालचा व्यास ५० मिमी, वरचा २८. वर-खाली किती सरकतो ते मात्र बघितलं नाही. त्यामुळे आता खुर्ची सगळ्यात खाली आणली तरी माझे पाय लोंबकळतात.

बसवताना काही लावायचं नाही, ग्रीस तर मुळीच नाही, नाहीतर पकड जाते. सिलिंडर पंज्यात उभा करायचा, वर सीट ठेवायची आणि धपकन बसायचं. बायको म्हणाली, "हे काम तुला जमेल." ९४ किलो आहेत, जमलंच. पहिल्या झटक्यात बसला.

उद्या दहाला मीटिंग आहे. पायाखाली जुन्या डिरेक्टऱ्या ठेवल्यात.